एका दिवसाची मर्यादा

"शोभाताई, पन्नास. फक्त पन्नास हो. तुमच्या देवाला माझ्याकडून नारळ."

"चंपतराव, तुमचे चारशे झालेत. मर्यादा संपली. त्यापुढे मागू नका, मी देणार नाही."

"देणार नाही म्हणे! पैसा माझा, शेअर कंपनीचा, आणि परवानगी तुमची?" चंपतरावांनी खुर्चीतूनच खोलीतल्या बाकीच्यांकडे पाहिलं. "अरे, या बाईच्या घरी चहात साखरसुद्धा सरासरी काढून पडते. विचारा मधुकररावांना."

सगळे हसले. शोभाताईही पदर सावरत हसल्या. निवृत्त हेडमास्तर असले तरी चंपतरावांना वर्गाची सवय सुटलेली नव्हती. चारचौघांत कोणाला तरी उभं केल्याशिवाय त्यांना करमत नसे.

धरमपेठेतल्या त्या घराची बाहेरची खोली म्हणजे शोभाताईंच्या नवऱ्याचं, मधुकररावांचं, ऑफिस. नागपुरात शेअरबाजार नाही. ज्याला शेअर घ्यायचे-विकायचे त्याने मधुकररावांसारख्याला सांगायचं, त्यांनी मुंबईच्या दलालाला फोन करायचा. मुंबईचे ते दलाल म्हणजे जयंतीभाई. बारा ते दोन बाजार चाले, आणि संध्याकाळी जयंतीभाई फोनवर भाव सांगत. त्याबरोबरच शोभाताईंच्या आग्रहामुळे आणखी एक गोष्ट सांगत. लहान कंपन्यांच्या शेअरमध्ये त्या दिवशी एकूण किती शेअर हाताखालून गेले, ते तिथल्या जॉबरला, म्हणजे त्या शेअरची सतत घेऊ-विकू करणाऱ्या माणसाला, विचारून कळवत. दुसरा कुठलाही गावचा एजंट हे विचारत नसे. सगळ्यांना भावाशी मतलब.

शोभाताईंना मात्र भावापेक्षा त्या आकड्याची काळजी असे. त्यांचा नियम साधा होता. मोठ्या कंपनीचे शेअर केव्हाही विकता येतात, तिथे गिऱ्हाइकांची रांग असते. लहान कंपनीचं तसं नाही. तिचे थोडे शेअर बाजारात, बाकी मालकांच्या आणि जुन्या लोकांच्या ट्रंकांत पडलेले. रोज दीडशे-दोनशे फिरले तरी खूप. अशा ठिकाणी एखाद्याने हजार घेऊन ठेवले तर घेताना भाव चढतो, म्हणून तो खूश. विकताना कळतं की घेणारा कोणी नाही. म्हणून गेल्या पंधरवड्यात रोज सरासरी किती शेअर फिरले ते काढायचं, आणि कोणत्याही घराने त्या एका दिवसाच्या सरासरीहून जास्त जवळ ठेवायचे नाहीत. रोजच्या उलाढालीचा पाचवा हिस्सा आपण विकला तर भावाला धक्का लागत नाही. म्हणजे बाजाराच्या पाच दिवसांत, आठवड्याभरात, सगळं मोकळं होतं.

"मोकळं होता आलं पाहिजे," त्या म्हणत. "आत शिरणं कोणालाही जमतं."

लोक हसत, पण विश्वासही याच गोष्टीवर ठेवत. आदल्या वर्षी सगळीकडे शेअरचं वेड लागलं होतं, आणि या वर्षी, शहाऐंशी साली, भाव खाली आले तेव्हा इतर एजंटांची गिऱ्हाइकं अडकली. मधुकररावांची सुटली. तेव्हापासून धरमपेठेत 'शोभाताईंची मर्यादा' हा शब्दच झाला होता. त्यांना ते ऐकायला बरं वाटे. बरं वाटतं याची थोडी लाजही वाटे, पण फार नाही.

यंदा सगळ्यांची आवडती कंपनी होती सूरगंगा सिरॅमिक्स. भट्ट्यांना लागणाऱ्या विटा करणारी, भंडाऱ्याच्या बाजूची, लहानशी पण चोख. मधुकरराव स्वतः कारखाना पाहून आले होते. उन्हाळ्यानंतर घ्यायला सुरुवात केली तेव्हा चाळिसाचा भाव होता, आता सत्तर. रोज दीडशे शेअर फिरत ते आता सरासरी चारशेवर गेले होते. जसजशी सरासरी वाढली तसतशी शोभाताईंनी मर्यादा वाढवली, दीडशेवरून अडीचशे, अडीचशेवरून चारशे. नियमाप्रमाणेच. अठरा घरांमध्ये सूरगंगाचे शेअर होते, आणि एकाही घरात मर्यादेहून जास्त नव्हते.

चंपतराव उठायच्या बेतात होते तेवढ्यात सिंधूताई आल्या. उमरेडच्या पहिल्या बसने निघालेल्या, हातात कापडी पिशवी. त्यांचे उमरेडला चार हातमाग होते. नवरा गेल्यावर दोन मागांचे चार त्यांनीच केले होते. मधुकररावांच्या बहिणीला त्या साड्या देत, त्या ओळखीने इथे आल्या होत्या. चारशे सूरगंगा त्यांच्याकडेही होते. त्यांना मर्यादेचं सगळं एकदाच समजावून सांगितलं होतं, पुन्हा कधी सांगावं लागलं नाही.

"वहिनी, मले सगळेच इकायचे हायत," त्या बसताच म्हणाल्या.

"सगळे? का हो?"

"मागाची जागा इकून राहिला मालक. बावीस हजार म्हनते. दसऱ्याले पैसे देसान तर तुमची, नाही तं कळमन्याचा एक व्यापारी सोयाबीन ठेवाले मागून राहिला, त्याले देतो म्हनते. आता तुमीच सांगा, ते चार माग मी कुठं नेऊ? घरात तं चूल मांडाले जागा नाही."

मधुकररावांनी मनातल्या मनात हिशेब केला. चारशे गुणिले सत्तर, अठ्ठावीस हजार. दलाली जाऊन, भाव थोडा उतरला तरी बावीस सहज निघत होते. शेअर विकल्यावर कागद मुंबईला जाऊन पैसे यायला दोन-तीन आठवडे लागत. गणपती नुकतेच बसले होते. दसऱ्याला वेळ होता.

"होईल ना?" सिंधूताईंनी मधुकररावांना नाही, शोभाताईंना विचारलं.

"सिंधूताई, यासाठीच तर मर्यादा ठेवतो आपण," शोभाताई म्हणाल्या. "आठवड्याभरात सगळे निघतील. मालकाला सांगून टाका."

"सांगू मंग?"

"मी सांगते ना."

चंपतरावांनी टाळी दिली. "घ्या! याला म्हणतात शिस्त. मास्तर मी आणि छडी हिच्या हातात."

सिंधूताईंनी पिशवीतून शेअरचे कागद काढले, हस्तांतराच्या फॉर्मवर जपून सह्या केल्या आणि चहा न घेताच बसस्टँडकडे निघाल्या. मालक दुपारी जेवून झोपतो, त्याच्या आधी गाठायचं होतं.

त्या दिवशी शुक्रवार होता. बारा वाजता मधुकररावांनी जयंतीभाईंना सांगितलं, रोज ऐंशी विकायचे. सौदा पन्नासच्या लॉटनेच, पन्नासाच्या पटीत होई, म्हणून एक दिवस पन्नास, एक दिवस शंभर. संध्याकाळी फोन वाजला तेव्हा शोभाताई देवापाशी वात लावत होत्या. मधुकरराव बाहेर गेले होते. त्यांनीच फोन घेतला.

"बहेनजी, आज सूरगंगा मध्ये कामच नाही झालं," जयंतीभाई म्हणाले. चाळीस वर्षं मुंबईत काढून त्यांची मराठी अशीच राहिली होती. "एक पण सौदा नाही. एक गिऱ्हाईक आहे, तो सोमवारी पन्नास घेणार बोलतो, सत्तरला. त्याच्या खाली बासष्ट. तो पण पन्नासच."

"पण रोज चारशे फिरतात ना?"

तिकडे जयंतीभाई हसले. वाईट हसले नाहीत, अंगणातलं पोर काही बोललं की हसावं तसं.

"ते चारशे कोण घेत होता, बहेनजी? तुम्हीच! पंधरा दिवस जो धंदा झाला त्याच्यातले चारात तीन हिस्से तर नागपूरचे. मी जॉबरला बोलतो, बाबा, नागपूरवाले घेतायत, तू आणून दे. तो लोकांच्या घरून शोधून शोधून आणायचा. कालपासून तुमची खरीदी बंद. तर मग कोण घेणार? बाकीचा बाजार शंभरचा आहे, ते पण चांगल्या दिवशी."

"तुम्ही आधी बोलला नाहीत."

"तुम्ही विचारलं, टोटल किती झाले? मी टोटल बोललो. त्याच्यात तुमचे किती, ते तर तुम्हाला माहीत असणार ना?"

माहीत होतं. रोज खरेदीचे आकडे त्यांच्याच हातून जात होते. एका बाजूला घराघराची खरेदी, दुसऱ्या बाजूला बाजाराची उलाढाल. दोन्ही त्यांनी रोज पाहिलं होतं आणि एकातून दुसरं वजा करावं हे एकदाही मनात आलं नव्हतं. वाढणारी सरासरी पाहून त्यांना वाटे, चला, या शेअरला लोक ओळखू लागले. ते लोक त्यांच्याच खोलीत बसून चहा पीत होते.

रिसीव्हर ठेवला तेव्हा वात विझली होती. पुन्हा लावली. जप करायला बसल्या, पण माळेचे मणी नुसतेच सरकत होते. अठरा घरं. प्रत्येकाची मर्यादा एका दिवसाची. प्रत्येक घराला त्यांनी सांगितलं होतं, आठवड्यात मोकळे व्हाल, आणि प्रत्येक घराला सांगताना जणू ते एकटंच घर जगात आहे असं धरलं होतं. सगळ्यांचे मिळून साडेपाच हजारांच्या आसपास. खरा बाजार शंभराचा. त्याचा पाचवा हिस्सा रोज वीस. म्हणजे सुट्ट्या सोडून, कोणी आजारी न पडता, कोणाचं लग्न न निघता, एक वर्षाहून जास्त.

रात्री जेवताना त्यांनी मधुकररावांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ बोटाने ताटातला भात सारखा करत राहिले.

"कोणाला बोललीस?"

"कोणाला बोलणार?"

"बोलू नकोस. एकाला कळलं की अठराजण दारात. सगळ्यांनी एकदम टाकले तर चाळिसालाही कोणी उचलणार नाही. हळूहळू काढू."

"सिंधूताईंना शब्द दिलाय मी."

"तो पाळूच. पण आपलेही चारशे आहेत, शोभा. दुसरं आहे काय आपल्याकडे?"

शनिवार-रविवार बाजार बंद. शेजारपाजारच्या बायका आरतीला बोलवायला आल्या, शोभाताई गेल्या, टाळ वाजवला, प्रसाद घेऊन परतल्या. वाटेत शेजारच्या यमुताईंनी विचारलं, "काय वं शोभा, आमच्या सूरगंगाचा काय म्हणते भाव?" त्या म्हणाल्या, सत्तर. खोटं नव्हतं.

सोमवारी शोभाताईंचं मौन असे. सकाळी उठल्यापासून दुपारी बारापर्यंत बोलायचं नाही, हे त्यांनी लग्नाआधीपासून पाळलेलं. घराला त्याची सवय होती. दूधवाल्याला बोटं दाखवून, भाजीवालीला मानेने, गॅसवाल्याला दार उघडून, सगळं बिनबोभाट होई. मौनात त्या इतकं बोलत की मधुकरराव चेष्टेने म्हणत, सोमवारीच तुझी बडबड जास्त असते.

त्या सोमवारी अकराच्या सुमारास मधुकरराव स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. शोभाताई पाटावर बसून वाती वळत होत्या.

"ऐक," ते म्हणाले. "आज ते सत्तरचं गिऱ्हाईक आहे, पन्नासाचं. एकच आहे. त्यानंतर बासष्ट. मी काय म्हणतो, आजचे पन्नास आपले लावू. उद्यापासून सिंधूताईंचे. त्यांना काय, सरासरीने बावीस हजार निघतीलच."

शोभाताईंची बोटं थांबली.

"लावू ना?"

त्यांनी वर पाहिलं नाही. मान हलवायला मौनात बंदी नव्हती. हात वर करून नको म्हणता आलं असतं. दुधाचं एक भांडं परत करायला त्या दर सोमवारी तेवढं करत. त्यांनी पुढची वात घेतली आणि वळू लागल्या.

मधुकरराव थोडा वेळ थांबले. मग बाहेरच्या खोलीत गेले आणि फोनची डायल फिरल्याचा आवाज आला. एकेक आकडा, परत येईपर्यंतची घरघर, पुन्हा आकडा. तेवढ्या वेळात उठून बाहेर जाता आलं असतं. त्या बसून राहिल्या.

बारा वाजले. मौन सुटलं. काही बोलावं असं त्यांना वाटलं नाही.

संध्याकाळी जयंतीभाईंनी कळवलं, पन्नास निघाले, सत्तरला. मंगळवारी सिंधूताईंचे पन्नास निघाले, बासष्टला. त्याहून जास्त कोणी मागत नव्हता.

बुधवारी सिंधूताई आल्या. खोलीत चंपतराव होते, यमुताईंचा मुलगा कृष्णकांतही होता. सिंधूताईंनी मालकाला सांगून टाकलं होतं. मालकाने सोयाबीनवाल्याला थांबवलं होतं. त्या खुशीत होत्या. पिशवीतून शेवचिवड्याचा पुडा काढून त्यांनी टेबलावर ठेवला.

"किती निघाले, वहिनी?"

"पन्नास," मधुकरराव म्हणाले. "बासष्टला. जरा मंदी आहे, दोन-चार दिवसांत—"

"पन्नासच? काहून? आठवड्यात समदे म्हनलं होतं ना वहिनीनं."

शोभाताई आतल्या दारात उभ्या होत्या. शेवचिवड्याचा तो पुडा सुतळीने बांधलेला होता, दुकानाचा नाही, घरी केलेला. त्यांनी खुर्ची ओढली आणि सिंधूताईंच्या समोर बसल्या. त्या एरवी ऑफिसच्या खुर्चीत कधी बसत नसत.

"सिंधूताई, माझी मर्यादा खोटी होती," त्या म्हणाल्या.

"शोभा," मधुकरराव म्हणाले.

"एका घरापुरती मोजली मी. घरं अठरा आहेत. आणि ज्या आकड्यावरून मोजली तो आकडा आपलाच होता. आपणच घेत होतो म्हणून चारशे दिसत होते. आपण थांबलो आणि बाजार शंभराचा राहिला. तेवढ्यात अठरा घरांना एकदम बाहेर पडता येणार नाही. वर्ष लागेल."

चंपतरावांचं तोंड उघडं होतं.

"अजून एक आहे," शोभाताई म्हणाल्या. आवाज इतका खाली गेला की कृष्णकांत पुढे वाकला. "सोमवारी सत्तरचं एक गिऱ्हाईक होतं. तुमचा नंबर होता. आम्ही आमचे पन्नास विकले. यांनी मला विचारलं होतं. मी नको म्हणाले नाही."

"सोमवारी तिचं मौन असतं," मधुकरराव घाईने म्हणाले.

"मौनाचा काही दोष नाही त्यात," शोभाताई म्हणाल्या. "तो सौदा तुमच्या नावावर टाकायला यांना सांगणार आहे. तुमचे कागद जातील, सत्तरचे पैसे तुम्हाला येतील."

सिंधूताई त्यांच्याकडे पाहत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि शोभाताईंना राग हवा होता.

चंपतराव मात्र उठून उभे राहिले. "म्हणजे माझे चारशे अडकले? अहो बाई, परवा मी पन्नास मागत होतो तेव्हा तुम्ही काय तोऱ्यात नाही म्हणत होता! मी इथे सगळ्यांसमोर टाळी दिली तुम्हाला!"

"खरं आहे."

"खरं आहे काय? वर्गात असं गणित करणाऱ्या पोराला मी बाकावर उभं केलं असतं. अठरा पोरांना एकच पाटी वाटली तुम्ही आणि प्रत्येकाला सांगितलं, ही तुझी!"

"चंपतराव, माझं एक मागणं आहे," त्या म्हणाल्या. "आजपासून अठरा घरं म्हणजे एकच घर धरायचं. सगळ्यांची मिळून मर्यादा एकच, आणि सरासरी काढायची ती आपली खरेदी वजा करून. तशी काढली तर आत्ता आपल्याकडे पन्नासपट आहे. घेणं संपलं. विकायचं ते ओळीने. सिंधूताईंना दसऱ्याची गरज आहे, त्या आधी. त्यांचे होईपर्यंत कोणी विकू नये. आमचे सगळ्यांत शेवटी."

"आणि तोवर भाव खाली गेला तर? तुमच्या पुण्याईच्या खात्यातून भरून देणार?"

चंपतराव छत्री घेऊन निघून गेले. कृष्णकांत दारापर्यंत जाऊन वळला. "काकू, आईला मी सांगतो. आम्ही थांबतो." तो गेल्यावर त्या शब्दांनीच शोभाताईंना जास्त लागलं.

त्या आत जाऊन हातातल्या पाटल्या काढून घेऊन आल्या आणि टेबलावर ठेवल्या. सिंधूताईंनी त्या बोटाने परत सरकवल्या.

"मले माह्या शेअरचे पैसे पायजे होते, वहिनी. तुमच्या पाटल्याचे नाही." मग म्हणाल्या, "मी मालकाले सांगून आली. धरमपेठेच्या वहिनीनं सांगितलं म्हनून सांगून आली. त्याच्यापुढं आता मले जायचं हाय, तुमाले नाही."

पुढच्या आठवड्यात पन्नास निघाले अठ्ठावनला, नंतर पन्नास चोपन्नला. चंपतराव थांबले नाहीत. त्यांनी बर्डीच्या बाजारातल्या दुसऱ्या एजंटाकडून आपले चारशे एकदम विकायला लावले, आणि एकाच दुपारी घेणारे सगळे बाजूला झाले. त्यांचेही पन्नासच गेले, सेहेचाळीसला. एकट्याने आधी सुटायची आपली शहाणी चाल बाजाराने ओळखली याचा त्यांना इतका संताप आला की ते पुढे महिनाभर समोरच्या फूटपाथवरून जात. सत्तरचे पन्नास धरून सिंधूताईंचे दोनशे निघाले. बारा हजार आले. उरलेल्या दोनशेंना पितृपक्ष संपेपर्यंत कोणी विचारलंही नाही.

कंपनीचं काही बिघडलं नव्हतं. भट्ट्या चालू होत्या, लाभांशही आला. हे मधुकरराव येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. शोभाताईंना त्यात समाधान नव्हतं. वस्तू चांगली होती. ती घेण्याचं माप त्यांचं होतं, आणि माप चुकलं होतं.

घटस्थापनेनंतर एका सकाळी त्या एकट्याच उमरेडच्या बसमध्ये बसल्या. का चाललोय हे त्यांना नीट सांगता आलं नसतं. मधुकररावांनी विचारलं तर त्या म्हणाल्या, "जाऊन येते."

कोष्टीपुऱ्यातली ती जागा सापडायला वेळ लागला नाही. दारात सोयाबीनची रिकामी पोती ठेवलेली होती. आत दोन माग उभे होते, तिसरा खोलून भिंतीला लावलेला, चौथ्याच्या खुंट्या सिंधूताई लाकडी हातोडीने काढत होत्या. बारा हजारांवर मालक दसऱ्यापर्यंत थांबला नव्हता, व्यापाऱ्याने जागा घेतली होती. दोन माग ठेवण्यापुरता एक कोपरा त्याने भाड्याने द्यायचं कबूल केलं होतं, पीक येईपर्यंत.

शोभाताईंना पाहून सिंधूताईंनी हातोडी खाली ठेवली, माठातलं पाणी आणून दिलं. शोभाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं तसं त्या चिडल्या.

"आता तुमी काहून रडून राहिल्या? माग लाकडाचा हाय. खोलला तं पुन्हा जोडता येते. दोन तं दोन."

"मी तुम्हाला शब्द दिला होता."

"हो. देल्ला होता." सिंधूताईंनी ते नाकारलं नाही, आणि शोभाताईंना त्याबद्दल त्यांचे पाय धरावेसे वाटले. "तुमी सगळ्यायपुढं सांगितलं ते ठीक केलं. पन माहं एक काम अडून राहिलं हाय. आता आलाच हाय तं करून जा."

"सांगा."

सिंधूताईंनी पलीकडच्या घराकडे मान केली. दारात एक बाई बॉबिन भरत बसली होती. तिची नजर मधून मधून इकडे येत होती.

"ते माही जाऊबाई. तिनं बी सूरगंगाचे घेतले. तुमच्यापाशी नाही, इथल्याच एकापाशी. मीच म्हनलं तिले, की घे वं, चारशेपर्यंत घे, चारशेच्या वर नको, आठवड्यात निघते. तुमचंच समदं तिले शिकवलं मी. लई शहानपन दाखवलं." त्यांनी पहिल्यांदा नजर खाली केली. "तिनं आनखी चौघींले सांगितलं. आता माह्यानं तिच्या तोंडाकडं पाहवत नाही. काय झालं ते मले समजते, पन सांगता येत नाही. तुमाले येते."

शोभाताईंनी मनात बेरीज केली. अठरा आणि पाच. म्हणजे पन्नासपटही खरी नव्हती. आणि या पाच घरांना अजून कोणी सांगितलं असेल, ते कोणालाच मोजता येणार नव्हतं.

त्यांनी पेला खाली ठेवला, पदर डोक्यावरून घेतला आणि अंगण ओलांडलं. जाऊबाई उठून उभी राहिली, बॉबिन तिच्या हातातच होतं.

"बसा ना, बाई. वहिनीनं लई सांगितलं तुमच्याबद्दल," ती हसून म्हणाली. "तुमीच ना त्या, मर्यादावाल्या?"

"हो," शोभाताई म्हणाल्या. "मीच ती." आणि उंबऱ्यापाशीच, जमिनीवर, तिच्यासमोर बसल्या.